आत्महत्येचं स्क्रीनिंग, पीपीव्ही आणि बेस रेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतून इंटर्न, रेसिडेंट, नर्सिंग ट्यूटर आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले समाजसेवक हे प्रश्न पाठवत असतात. बरेचसे प्रश्न फिरून तेच असतात म्हणून एका जागी घेतले आहेत. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला असेल, तर तो मुद्दा तिथे सविस्तर आहे असं समजा.

१. पीपीव्ही म्हणजे नेमकं काय? सेन्सिटिव्हिटी सांगितली की झालं ना?

नाही, सेन्सिटिव्हिटी आणि पीपीव्ही एकमेकांच्या उलट प्रश्नांची उत्तरं देतात. ज्यांचा पुढे खरोखर आत्महत्येने मृत्यू झाला, त्यांपैकी किती जणांना चाचणीने आधी पॉझिटिव्ह दाखवलं होतं, हे सेन्सिटिव्हिटी सांगते. ज्यांचा तसा मृत्यू झाला नाही, त्यांपैकी किती जणांना चाचणीने निगेटिव्ह ठरवलं, हे स्पेसिफिसिटी सांगते. हे दोन्ही प्रश्न शेवट कळल्यावर मागे वळून विचारलेले आहेत. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या इंटर्नला शेवट माहीत नसतो. त्याच्या हातात पॉझिटिव्ह आलेला एक फॉर्म असतो आणि त्याला विचारायचं असतं की असे फॉर्म भरणाऱ्या शंभर जणांपैकी किती जणांच्या बाबतीत हे खरं ठरतं. त्याचं उत्तर म्हणजे पीपीव्ही. हाच प्रश्न निगेटिव्ह फॉर्मबद्दल विचारला की एनपीव्ही.

कोणत्याही बॅचला विचारा: सेन्सिटिव्हिटी ८० टक्के, स्पेसिफिसिटी ८० टक्के, तर पॉझिटिव्ह माणसाचा धोका किती? वर्गातून पहिलं उत्तर ‘८० टक्के’ असंच येतं. ते येऊ द्या, खोडू नका. पुढचा तास त्याच उत्तरावर चालतो.

२. बेस रेट कुठला धरायचा? पुस्तकात एक, पेपरात दुसरा.

चाचणी करण्याआधीच त्या गटात ती घटना किती जणांच्या बाबतीत घडते, ते प्रमाण म्हणजे बेस रेट. तीन गोष्टी ठरल्याशिवाय त्याला अर्थ नाही: कोणती माणसं, किती काळात आणि कोणती घटना. एनसीआरबीच्या २०२२ च्या अहवालात भारताचा दर वर्षाला लाखामागे १२.४ आहे. तो सगळ्या लोकसंख्येचा, एका वर्षाचा आणि नोंदलेल्या मृत्यूंचा आहे. स्वतःला इजा करून घेऊन दवाखान्यात आलेल्यांचं पुढचं वर्ष पाहिलं, तर जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सुमारे १.६ टक्के जणांचा आत्महत्येने मृत्यू झालेला दिसतो. म्हणजे हजारात सोळा. गावातला माणूस आणि कॅज्युअल्टीतला रुग्ण यांच्या दरांत शंभरपटीहून जास्त फरक पडला.

‘आत्महत्येचे विचार’ ही घटना धरली तर दर आणखी कितीतरी वर जातो. त्यावरून होणारा गोंधळ प्रश्न ७ मध्ये आहे.

३. बेजचं सूत्र फळ्यावर लिहिलं की पोरं माना डोलावतात आणि ओपीडीत विसरतात. दुसरी काही रीत आहे का?

सूत्र शेवटी लिहा. सुरुवात ग्राफ पेपरने करा. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी वापरलेला तोच मिलिमीटरचा कागद. प्रत्येकाला त्यावर १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन आखायला सांगा. त्यात बारीक चौकटी बरोबर १०,००० होतात. एक चौकट म्हणजे एक माणूस, आणि हा सगळा चौकोन म्हणजे एक मोठं गाव.

लाखामागे १२ हा दर धरला तर दहा हजारांत एकाहून किंचित जास्त. लाल पेनाने एक चौकट रंगवा. मागच्या बाकावरून ‘सर, दिसत नाही’ असा आवाज आला पाहिजे. दिसत नाही, हेच तर दाखवायचं आहे.

आता ८०-८० ची चाचणी गावाला लावा. हे आकडे वर्गापुरते घेतलेले, एका काल्पनिक चाचणीचे आहेत, हे आधी सांगा. स्पेसिफिसिटी ८० टक्के म्हणजे निरोगी माणसांपैकी २० टक्के उगाच पॉझिटिव्ह येणार. चौकोनाच्या एका कडेला २ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब पट्टी पेन्सिलीने भरून टाका. २,००० चौकटी झाल्या. लाल ठिपका या पट्टीत सापडण्याची शक्यता दहात आठ. सापडला असं धरा, तरी पट्टीतल्या २,००० माणसांत तो एकटाच आहे. पीपीव्ही दोन हजारांत एक, म्हणजे ०.०५ टक्के. मघाशी ‘८०’ म्हणालेल्या विद्यार्थ्याकडून ही पट्टी भरून घ्या. भरताना हात दुखतो आणि त्या दुखण्याबरोबर मुद्दा लक्षात राहतो.

मग कागद उलटा करून कॅज्युअल्टी आखा: ५ सेंटिमीटर बाय २ सेंटिमीटर, म्हणजे १,००० रुग्ण. आता लाल चौकटी १६. चाचणी तीच. सोळापैकी सुमारे १३ सापडल्या, ३ सुटल्या. उरलेल्या ९८४ पैकी २० टक्के, म्हणजे १९७ जण खोटे पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह २१०, त्यांत खरे १३. पीपीव्ही सुमारे ६ टक्के.

चाचणीतला एक शब्दही बदललेला नाही आणि पीपीव्ही शंभरपटीहून जास्त वाढला. माणसं बदलली, एवढंच. हे स्वतः आखून पाहिलेल्या मुलाला सूत्र दिलं की तो त्यातला प्रत्येक भाग कागदावर बोट ठेवून दाखवतो.

४. हे झाले वर्गातले आकडे. खऱ्या रुग्णांवर कुणी करून पाहिलंय का?

पाहिलंय, आणि शिकवायला त्याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही. अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मनोविकार विभागात भरती झालेल्या ४,८०० रुग्णांची ॲलेक्स पोकॉर्नी यांनी भरतीच्या वेळी बारकाईने तपासणी केली. पुढे सुमारे पाच वर्षं पाठपुरावा ठेवला आणि निष्कर्ष १९८३ मध्ये छापले. त्या काळात ६७ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. भरतीच्या वेळच्या माहितीवरून ८०३ जण ‘जास्त धोक्याचे’ ठरले होते. त्यांपैकी मृत्यू झालेले ३०.

एवढे चारच आकडे फळ्यावर लिहा आणि दोन बाय दोनचा तक्ता मुलांना भरू द्या. ८०३ मधून ३० वजा केले की खोटे पॉझिटिव्ह ७७३. ६७ मधून ३० गेले की सुटलेले ३७. उरलेले खरे निगेटिव्ह ३,९६०. यावरून सेन्सिटिव्हिटी ४५ टक्के आणि स्पेसिफिसिटी ८४ टक्के येते. पीपीव्ही ३.७ टक्के.

यातली गंमत अशी की ही निवड वाईट नव्हती. जास्त धोक्याच्या गटात मृत्यूचं प्रमाण ३.७ टक्के आणि बाकीच्यांत ०.९ टक्के, म्हणजे गट खरोखर वेगळे पडले होते. तरीही यादीतल्या शंभरपैकी ९६ जणांबाबत अंदाज चुकला, आणि निम्म्याहून जास्त मृत्यू ‘जास्त धोका नाही’ या गटात झाले. हे वाक्य मुलांकडून वहीत लिहून घ्या. प्रश्न ५ आणि १४ त्यावरच उभे आहेत.

५. पीपीव्ही कमी असू द्या, एनपीव्ही तर ९९ टक्के आहे. मग निगेटिव्ह आलेल्याला बिनधास्त सुट्टी द्यायला काय हरकत?

या ९९ मध्ये चाचणीची कमाई किती, ते आधी काढा. पोकॉर्नींच्या तक्त्यात एनपीव्ही ३,९६० भागिले ३,९९७, म्हणजे ९९.१ टक्के. आता फॉर्म केराच्या टोपलीत टाका आणि ४,८०० जणांना डोळे मिटून ‘काही होणार नाही’ म्हणा. ४,७३३ वेळा तुमचं बरोबर येईल, म्हणजे ९८.६ टक्के. सगळ्या तपासणीने मिळालं ते अर्धा टक्का.

घटना दुर्मीळ असली की एनपीव्ही आपोआप उंच दिसतो. म्हणून एनपीव्ही सांगणाऱ्या प्रत्येकाला लगेच विचारा, ‘आणि चाचणी न करता किती आला असता?’ हा प्रश्न विचारायची सवय लागली तर अर्धा विषय शिकवून झाला असं मी धरतो.

६. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याला ‘रोज’ म्हणणाऱ्यांत धोका दहापट असतो असं वाचलं. दहापट म्हणजे फार झालं ना?

दहापट खरं आहे. पण कशाच्या दहापट? अमेरिकेतल्या ८४,४१८ बाह्यरुग्णांच्या अभ्यासात, २०१३ साली छापलेल्या, नवव्या प्रश्नाला ‘एकदाही नाही’ असं उत्तर देणाऱ्यांत वर्षभरात आत्महत्येने मृत्यूचं प्रमाण ०.०३ टक्के होतं आणि ‘जवळजवळ रोज’ म्हणणाऱ्यांत ०.३ टक्के. दहा हजारांत तीन आणि हजारात तीन. फरक दहापटीचाच, तरी ‘जवळजवळ रोज’ म्हणणाऱ्या हजारातले ९९७ जण त्या वर्षी आत्महत्येने गेले नाहीत.

त्याच अभ्यासात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण ०.४ वरून ४ टक्क्यांवर गेलं. पटही तीच, पण शंभरातला चौथा माणूस आणि हजारातला तिसरा माणूस यांच्यासाठी वॉर्डात करायची तयारी वेगळी असते. ‘इतकी पट’ असं सांगणाऱ्या स्लाइडवर शेजारी ‘हजारात किती’ लिहिल्याशिवाय ती स्लाइड दाखवू नका.

७. मुलांसाठीच्या एएसक्यू चाचणीची सेन्सिटिव्हिटी जवळपास ९७ टक्के छापून आली आहे. मग तुम्ही सांगता ते आणि हे जुळत कसं नाही?

दोन्ही खरं आहे. फक्त तपासलेली घटना वेगळी. एएसक्यूचा २०१२ चा मूळ अभ्यास मुलांच्या आपत्कालीन विभागांतल्या ५२४ रुग्णांवर झाला. चार छोट्या प्रश्नांची तुलना आत्महत्येच्या विचारांबद्दलच्या एका लांब, प्रमाणित प्रश्नावलीशी केली होती. सेन्सिटिव्हिटी ९६.९ आणि स्पेसिफिसिटी ८७.६ टक्के आली. म्हणजे लांब प्रश्नावलीत जे सापडलं असतं ते चार प्रश्नांत सापडतं, इतकंच यातून सिद्ध होतं, आणि तेवढं महत्त्वाचं आहे. पुढे कुणाचा मृत्यू होईल हे या अभ्यासाने तपासलंच नव्हतं.

म्हणून पेपर वाचताना पहिली ओळ शोधायची ती ‘कशाशी ताडून पाहिलं?’ ही. आज मनात असलेला विचार ओळखणं ही एक गोष्ट झाली आणि वर्षभरात होणारा मृत्यू सांगणं ही दुसरी. पहिलीसाठी कमावलेली सेन्सिटिव्हिटी दुसरीच्या हिशोबात घातली की तक्ता दिसायला नीटनेटका आणि उत्तर निव्वळ चुकीचं.

याच अभ्यासात बेस रेटचाही एक आयता धडा आहे. इतर आजारांसाठी आलेल्या मुलांत एनपीव्ही ९९.७ टक्के आणि मानसिक तक्रारीसाठी आलेल्यांत ९६.९ टक्के. प्रश्न तेच चार.

८. आपल्याकडे कितीतरी मृत्यू अपघात म्हणून नोंदले जातात. मग एनसीआरबीचा आकडा धरून केलेल्या हिशोबाला काय अर्थ?

शंका रास्त आहे. पोलिसांचा ससेमिरा नको, पोरीचं लग्न व्हायचंय, अशी कारणं असतात आणि नोंद बदलते. वर्गात यावर वाद न घालता दर दुप्पट करून टाका. ग्राफ पेपरवर एकाऐवजी दोन लाल चौकटी. पेन्सिलीची पट्टी जवळजवळ तेवढीच, २,००० चौकटींची. पीपीव्ही दोन हजारांत एक होता तो हजारात एक झाला. आकडा दुप्पट झाला, पण त्यावरून घ्यायचा निर्णय बदलला नाही.

९. एकाऐवजी दोन चाचण्या लावल्या तर?

कागदावर छान दिसतं. कॅज्युअल्टीतल्या २१० पॉझिटिव्ह रुग्णांना ८०-८० ची दुसरी चाचणी लावा. १३ खऱ्यांपैकी १० उरतील, १९७ खोट्यांपैकी ३९. पीपीव्ही ६ वरून २० टक्क्यांवर गेला. सुटलेले मात्र ३ चे ६ झाले.

हा हिशोब दोन्ही चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या तरच लागू पडतो. आपल्या चाचण्या तशा नसतात. जवळपास सगळ्या तेच विचारतात: जगणं नकोसं वाटतं का, याआधी काही केलं होतं का, काही ठरवलंय का. पहिल्या फॉर्मवर ‘हो’ म्हणालेला दुसऱ्यावरही ‘हो’ म्हणतो आणि लपवणारा दोन्हीकडे लपवतो. त्यामुळे खरा फायदा कागदावरच्यापेक्षा बराच कमी. वेगळी माहिती हवी असेल तर ती दुसऱ्या फॉर्ममध्ये मिळत नाही. माणसाला एकट्याला बसवून बोललात, घरच्यांना वेगळं विचारलंत, तर मिळू शकते.

१०. कटऑफ वाढवला तर खोटे पॉझिटिव्ह कमी होतील ना?

होतील. समजा स्पेसिफिसिटी ९५ वर नेली आणि त्यापायी सेन्सिटिव्हिटी ४० वर आली. हजारातल्या सोळापैकी ६ सापडले, खोटे पॉझिटिव्ह ४९, पीपीव्ही ११ टक्के. आणि १० जण सुटले. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

११. पॉझिटिव्ह आलेला रुग्ण आम्ही भरती केला, उपचार दिले, वर्षभराने तो ठणठणीत आहे. तक्त्यात त्याला खोटा पॉझिटिव्ह लिहायचं?

तक्त्यात तो तिथेच जातो, आणि इथे तक्त्याची मर्यादा उघडी पडते. उपचाराने वाचलेला आणि ज्याला मुळात धोकाच नव्हता, असे दोघेही त्याच घरात जाऊन बसतात. त्यामुळे चांगला उपचार देणाऱ्या ठिकाणी पीपीव्ही आहे त्याहून कमी दिसू शकतो. रेसिडेंट हे मुद्दाम विचारतात आणि त्यांनी विचारलंच पाहिजे.

पण या एका मुद्द्यावर सगळा कमी पीपीव्ही ढकलून मोकळं होता येत नाही. ३.७ टक्क्यांच्या जागी खरा आकडा ५० होता, असं म्हणायचं तर पोकॉर्नींच्या ८०३ जणांपैकी ३७० हून जास्त लोक निव्वळ उपचाराने वाचले असं मानावं लागेल. इतका गुण येणारा उपचार आपल्या ओळखीचा नाही.

१२. आशाताईंना हीच चाचणी घरोघरी वापरायला दिली तर सेन्सिटिव्हिटी तीच राहील का?

पुस्तकं सांगतात की बेस रेटप्रमाणे पीपीव्ही बदलतो आणि सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी कायम राहतात. परीक्षेत तसंच लिहा. प्रत्यक्षात त्याही हलतात.

ओसरीवर सासू बसलेली, सावकाराचा माणूस नुकताच येऊन गेलेला, नवरा दारात उभा, आणि आशाताई विचारतात, ‘जीव नकोसा झालाय असं वाटतं का?’ उत्तर येतं, ‘न्हाई ताई, तसलं काय न्हाई.’ हा निगेटिव्ह चाचणीचा म्हणायचा की ओसरीचा? उलट सोयाबीनचा भाव पडलेल्या आठवड्यात ‘कशातच जीव लागत नाही’ या ओळीला गावातली कितीतरी माणसं हो म्हणतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना या वर्षी आत्महत्येचा धोका नसेल. पहिल्या प्रसंगात सेन्सिटिव्हिटी घसरते, दुसऱ्यात स्पेसिफिसिटी. म्हणून रुग्णालयात तपासलेले आकडे गावाच्या हिशोबात जसेच्या तसे घेणं धोक्याचं. प्रश्न ३ मधली दोन सेंटिमीटरची पट्टी गावात आणखी रुंद होऊ शकते.

१३. एवढं सगळं असेल तर स्क्रीनिंग बंदच करावं का?

भविष्य सांगायला वापरणं बंद करावं, हे माझं स्पष्ट मत. ब्रिटनच्या नाइस संस्थेचं २०२२ चं मार्गदर्शनही तेच सांगतं: पुढची आत्महत्या किंवा पुन्हा इजा वर्तवण्यासाठी धोक्याची मोजपट्टी वापरू नका, आणि तिच्या गुणांवरून कुणाला उपचार द्यायचे, कुणाला घरी सोडायचं हे ठरवू नका.

विचारणं मात्र बंद करायचं नाही. फॉर्ममुळे असा प्रश्न विचारला जातो जो गर्दीच्या ओपीडीत एरवी राहून जातो. थेट विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. आणि ‘विचार आहेत’ हे आजचं सत्य म्हणून घेतलं तर पॉझिटिव्ह उत्तर बहुतेकदा खोटं नसतंच. तो माणूस पुढच्या वर्षी जगेल, पण आज त्रासात आहे.

फक्त विचारून थांबलं तर काय होतं, याचंही उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या आठ आपत्कालीन विभागांत १,३७६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. नेहमीच्या पद्धतीत वर्षभरात सुमारे २३ टक्क्यांनी पुन्हा प्रयत्न केला. नुसतं स्क्रीनिंग वाढवून त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सुरक्षेची योजना आणि नंतरचे फोन यांची जोड दिली तेव्हा प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवर आलं.

१४. केसपेपरवर ‘लो रिस्क’ लिहू नका म्हणता, मग लिहायचं काय? काहीतरी तर लिहावंच लागतं.

‘लो रिस्क’ हा शिक्का पुढच्या डॉक्टरला थांबवतो. तो वाचतो, मान हलवतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. पोकॉर्नींचे ३७ मृत्यू याच बाजूला होते. ‘हाय रिस्क’ लिहिलं तरी पुढे काय करायचं हे कुणालाच कळत नाही, आणि प्रश्न ४ च्या हिशोबाने शंभरातल्या ९६ जणांवर तो शिक्का उगाच बसतो.

त्याऐवजी आज काय दिसलं आणि काय ठरलं ते लिहा. इंटर्नना मी असा मजकूर सरावाला देतो (रुग्ण काल्पनिक आहे):

‘एकट्यात बोलणं झालं. मरणाचे विचार गेल्या दोन आठवड्यांपासून, रात्री जास्त. सध्या काही ठरवलेलं नाही असं सांगतात. झोप नाही, पीककर्जाची नोटीस आली आहे, दारू वाढली आहे. भाऊ जवळचा, त्याला पेशंटच्या संमतीने बोलावलं. घरातली धोक्याची वस्तू भाऊ आजच स्वतःकडे घेऊन कुलपात ठेवणार. विचार वाढले तर आधी भावाला, नाही लागला तर टेली-मानस १४४१६ वर फोन, दोन्ही नंबर चिठ्ठीवर लिहून दिले. परवा सिस्टर फोन करतील. पुढच्या मंगळवारी मानसोपचार ओपीडी.’

यात टक्केवारी कुठेच नाही. मेडिकोलीगलचं काय, असं लगेच विचारलं जातं. तपासणाऱ्याला काय विचारलं, काय केलं आणि पुढे कोण काय करणार हे सगळं तारखेसह वाचायला मिळतं, आणि ‘लो रिस्क’ या दोन शब्दांपेक्षा त्याचं समर्थन करणं कितीतरी सोपं असतं. फॉर्मचा स्कोअर लिहायलाच हवा असा तुमच्या विभागाचा नियम असेल तर तोही लिहा, पण शेवटच्या ओळीत.